हिंदी वाचताना अ कुठं गिळायचा : पेन्सिलीनं पाय मोडायची पद्धत

चारपाच वर्षं झाली असतील, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या वर्धापनदिनाला सूत्रसंचालन करायला बोलावलं होतं. तिथं निम्मे कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे, म्हणून मालक म्हणाले हिंदीत घ्या. मी आपला कागदावर सगळं लिहून नेलेलं, देवनागरीच की, त्यात काय अवघड! बक्षीस वाटायच्या आधी मी जोशात वाचलं, "और अब वो वक्त आ गया है..." आणि समोरच्या तीनचार ओळी एकदम मान वळवून मागं दरवाजाकडं बघायला लागल्या. मला काय कळेना. कार्यक्रम संपल्यावर गोरखपूरचा एक पॅटर्न बनवणारा मिस्त्री चहा घेत हसत म्हणाला, "भाईसाब, हमने सोचा कोई वक्ता आ गया।"

म्हणजे मी 'वक्त' म्हटलं होतं, पण आपल्या पद्धतीनं, शेवटच्या त मधला अ पूर्ण सोडत. मराठी कानाला त्यात काही खटकत नाही. हिंदी माणूस शब्दाच्या शेवटी अ ऐकायची अपेक्षाच करत नाही, त्यामुळं तिथं काहीतरी स्वर ऐकू आला की तो त्याला आ समजतो, आणि वेळ यायच्या ऐवजी वक्ता येतो.

त्या दिवसापासून मला हा नाद लागला. आता गल्लीतली पोरं हिंदी वक्तृत्व स्पर्धेच्या आधी कागद घेऊन माझ्याकडं येतात (14 सप्टेंबरच्या आसपास तर रांगच लागते, हिंदी दिवस असतो ना, 1949 साली त्या तारखेला संविधान सभेनं हिंदीला राजभाषा ठरवलं). त्यांना मी जे करायला लावतो ते इथं लिहितोय. नुक्ते, ड़ आणि ढ़, आपलं च-ज चं प्रकरण, 'है' ला 'हय' म्हणायची सवय, हे सगळं वेगळं आहे, त्यात आज शिरत नाही. फक्त अ. लिहिलेला नसतो पण अक्षरात बसलेला असतो तो अ, कधी म्हणायचा आणि कधी गिळायचा एवढंच.

आधी आपण मराठीत काय करतो ते ऐका

भाषाशास्त्रात या अ ला श्वा म्हणतात आणि तो गिळण्याला श्वा-लोप. नाव परकं असलं तरी काम आपण रोज करतो. 'दगड' म्हणताना शेवटच्या ड चा पाय आपण मोडतोच, दगड् म्हणतो. आता 'दगडाला' म्हणून बघा. दग्डाला. ग चा पण पाय मोडला! तसंच नव्रा, सड्केवर, पद्राला. लिहिताना आपण नवरा, सडकेवर, पदराला लिहितो आणि बोलताना मधला अ गायब. म्हणजे "मराठी लिहिल्यासारखी बोलतात" हे जे आपण छाती काढून सांगतो ते तितकंसं खरं नाही.

मग हिंदी वाचताना गडबड कुठं होते? माझ्या अनुभवात दोनच जागी.

एक, जोडाक्षरानं संपणारे शब्द. अर्थ, धर्म, शब्द, बंद, रंग, संत. मराठीत या शब्दांच्या शेवटी अ स्पष्ट ऐकू येतो. 'कोल्हापूर बंद' ची हाक देणारा माईकवर काय म्हणतो ते आठवा, त्या बंद मधला द कसा पूर्ण उघडा असतो. हिंदीत तो द मिटलेला, बन्द्. शेपूट नाही.

दोन, संस्कृतातून आलेले शब्द. योजना, भावना, साधना, जानकी, देवकी, विकसित, आवश्यकता. हे मराठीत आपण जरा अदबीनं म्हणतो, मधला अ बऱ्यापैकी शाबूत ठेवतो, यो-ज-ना. हिंदीला अशी अदब नाही. तिच्या लेखी सपना आणि भावना एकाच मापाचे, सप्ना तशी भाव्ना. जान्की, देव्की, साध्ना, विक्सित्. संस्कृत आहे म्हणून सूट मिळत नाही.

गंमत म्हणजे सप्ना, लड्का, आद्मी हे आपण बरोबर म्हणतो कारण सिनेमातून कानावर पडलेले असतात. चूक होते ती ओळखीच्या शब्दांत, जे मराठीतही आहेत त्यात. डोळ्याला शब्द आपला दिसतो आणि जीभ आपल्या सवयीनं चालते. अनोळखी शब्दाला माणूस बिचकून तरी विचारतो, योजना कसं म्हणायचं हे कोण विचारणार!

पेन्सिल घ्या

पेन नको, पेन्सिलच, कारण खोडायला लागणार आहे. पाठ केलेलं भाषण असलं तरी कागदावरच करायचं, तोंडी सांगून हे टिकत नाही.

पहिल्यांदा फक्त शब्दांचे शेवट बघायचे, बाकी काही नाही. ज्या शब्दाच्या शेवटी काना-मात्रा-वेलांटी काही नाही त्या शेवटच्या अक्षराचा पाय मोडायचा. हर् , देश् , तक् , खबर्. हे मराठीतपण आपण करतोच. पण त्याच फेरीत जोडाक्षरं सापडतील, त्यांना गोल करून ठेवा. वक्त, अर्थ, सिर्फ. त्यांचाही पाय मोडायचा आणि तिथंच आपली जीभ अडते. पोरं म्हणतात, काका, अ सोडल्याशिवाय म्हणताच येत नाही की हे.

येतं. आपण दिवसभर म्हणतो. पार्क, टेस्ट, बल्ब, कार्ड, बँड. यातल्या कुठल्या शब्दाला आपण शेवटी अ लावतो? "रंकाळ्याजवळच्या पार्कात" म्हणताना क ला आ लागतो ते वेगळं, पण नुसतं 'पार्क' म्हटलं तर क वर दार बंद. तेच दार हिंदी शब्दाला लावायचं. आधी 'फॉर्म' म्हणा आणि लगेच 'धर्म', आधी 'बँड' आणि लगेच 'बंद', 'टेस्ट' म्हणून 'वक्त'. इंग्रजी शब्दाच्या मागोमाग म्हटलं की हिंदी शब्द आपोआप मिटतो. मी हे पोरांना जोडीनं दहादहा वेळा म्हणायला लावतो आणि यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

इथं एक सवलत आहे. मित्र, चंद्र, सत्य, काव्य, तत्त्व, म्हणजे ज्या जोडाक्षराच्या शेवटी र, य किंवा व आहे, तिथं हिंदी बोलणारेही शेवटी हलका अ सोडतातच, कारण नाहीतर तोंडातून निघतच नाही. जुन्या हिंदी व्याकरणात तर सगळ्याच जोडाक्षरांच्या शेवटी अ पूर्ण म्हणावा असं शिकवलंय, पण आजच्या बोलण्यात तो र-य-व पुरता उरलाय, आणि तोही निसटता. त्यामुळं या शब्दांशी कुस्ती करू नका. मित्र ला आपल्यासारखं लांबवायचं नाही एवढंच बघायचं.

मधला अ : उजवीकडून डावीकडं

आता दुसरी फेरी, खरी कामाची. तीन किंवा जास्त अक्षरांचे शब्द धरायचे आणि प्रत्येक शब्द मागून पुढं वाचत यायचं. होय, उलटा. मंजरी ओहाला म्हणून भाषाशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी 1983 च्या आपल्या पुस्तकात हिंदीच्या उच्चारांची जी मांडणी केली त्यात हा नियम नीट बांधून दिलाय. मी तो पोरांसाठी असा सांगतो : ज्या अक्षराला काना-मात्रा काही नाही, त्याच्या आधी एक बोलकं अक्षर आहे आणि नंतरही एक बोलकं अक्षर आहे, त्याचा पाय मोड. बोलकं म्हणजे ज्यात स्वर ऐकू येतो ते. शेजारी जोडाक्षर किंवा आधीच पाय मोडलेलं अक्षर असेल तर हात लावायचा नाही.

'योजना' घ्या. मागून ना, त्याला काना आहे, सोडा. मग ज, काही नाही. त्याच्या आधी यो बोलका, नंतर ना बोलका. मोडा पाय. योज्ना. 'जनता' तसंच, जन्ता. 'विकसित' मध्ये शेवटचा त आधीच मोडलाय, सि ला वेलांटी, क मोकळा, आधी वि नंतर सि, म्हणून विक्सित्. हा शब्द सरकारी घोषणेत रोमन लिपीत Viksit Bharat असा लिहितात तो याचमुळं, लिहिणाऱ्यानं ऐकू आलं तसं लिहिलं. आपल्याकडं हीच घोषणा वि-क-सित वाचतात.

उलटं का यायचं हे 'धड़कन' आणि 'धड़कना' वर कळतं. धड़कन, म्हणजे हृदयाचा ठोका. शेवटचा न मोडला. मग क, पण त्याच्या पुढं मोडका न आहे, म्हणून क शाबूत. मग ड़, आधी ध बोलका, पुढं क बोलका, मोडला. धड़्कन्. आता धड़कना, धडधडणं. ना ला काना. क च्या आधी ड़ आणि पुढं ना, मोडला. मग ड़, पण पुढचा क आता मोडका झालाय म्हणून ड़ शाबूत. धड़क्ना. एकाच धाग्याचे दोन शब्द आणि पाय वेगवेगळ्या अक्षराचा मोडला. डावीकडून सुरू केलं असतं तर दोन्हीत ड़ चाच पाय मोडून बसला असता. समझना-समझाना मध्ये हेच होतं, समझ्ना पण सम्झाना.

आता जिथं बरेच जण, अगदी चांगलं हिंदी येणारेही, फसतात ती जागा. धड़कने आणि धड़कनें. "दिल धड़कने लगा" आणि "दिल की धड़कनें". लिखाणात फरक एका टिंबाचा, आणि मराठी माणूस दोन्ही सारखेच वाचतो, वर ते टिंबही गाळतो. पण हिंदीत पहिलं धड़क्ने आहे आणि दुसरं धड़्कनें. कारण दुसरा शब्द धड़कन पासून बनलाय, त्यात ड़ चा पाय आधीच मोडलेला आहे, तो तसाच राहतो, आणि मोडक्याच्या शेजारी आपण हात लावत नाही. म्हणून सवय अशी लावायची की आधी मूळ शब्दाचं काम पूर्ण करायचं, मग त्याला पुढचा तुकडा जोडायचा. मेहनत म्हणजे मेह्नत्, म्हणून मेह्नती. करवट म्हणजे कर्वट्, म्हणून कर्वटें. सड़क मात्र सड़क्, मधे काही मोडलेलं नाही, म्हणून सड़्कें, अगदी आपल्या 'सड्केवर' सारखं. आणि 'ता' लागलेले शब्द, सफल वरून सफल्ता, सुंदर वरून सुंदर्ता, आवश्यक वरून आवश्यक्ता. आवश्यकता हा आपल्याकडचा हमखास चुकणारा शब्द आहे, पाच तुकड्यांत वाचतात, आ-व-श्य-क-ता असा.

टिंबाचं जाता जाता सांगतो कारण त्याचा अ शी संबंध आहे. आपण घरगुती मराठीत केलं, असं, बोलणं असं लिहितो तेव्हा ते टिंब म्हणजे "इथं अ जोरात म्हणा" अशी खूण असते, नाकातून काहीच येत नाही. हिंदीत शेवटचं टिंब म्हणजे नाक, दुसरं काही नाही. आपल्या डोळ्याला टिंबाची सवय लागलीय ती वेगळी, म्हणून धड़कनें चं आपण धडकने करतो.

जोड कुठं आहे ते शोधा

नियम आंधळेपणानं लावला की हसं होतं. रामनगर घ्या. मागून आलो तर र मोडला, ग शाबूत, न च्या आधी म बोलका पुढं ग बोलका, म्हणून न चा पाय मोडायला हवा : रामन्गर! असं कुणीच म्हणत नाही, कारण शब्द राम आणि नगर असा दोन भागांचा आहे. जोडाच्या ठिकाणी शब्द मनात तोडायचा, दोन्ही तुकडे वेगळे सोडवायचे आणि मग चिकटवायचे. राम् अधिक नगर्. तसंच बे अधिक खबर्, म्हणून बेखबर्, बेख्बर् नाही. अ अधिक सफल्, म्हणून असफल्, अस्फल् नाही. शब्दाच्या सुरुवातीला अ, बे असला छोटा तुकडा लागलेला दिसला की पेन्सिलीनं तिथं उभी रेघ मारायची आणि रेघेच्या उजवीकडचं पहिलं अक्षर सहसा मोडायचं नाही.

दुसरं हसं म्हणजे अति करणं. एकदा पाय मोडायचा नाद लागला की माणूस सगळ्यांचेच मोडत सुटतो. प्रार्थना, कल्पना, अर्चना, नर्मदा, पार्वती. यात मोकळं अक्षर स्वतःच जोडाक्षर आहे, र्थ, ल्प, र्च. तीन व्यंजनं एकमेकांवर चढली तर बोलणार कसं? म्हणून इथं हिंदीतही अ पूर्ण, आपल्यासारखाच. प्रार्थ्ना म्हणताना जीभ अडखळली तर ती बरोबर सांगतेय, ऐका तिचं. जिंदगी मात्र नेमकी कडेवरची, सावकाश म्हटली तर जिं-द-गी आणि घाईत जिंद्गी, दोन्ही ऐकू येतात, स्टेजवर पहिलं म्हणावं असं माझं मत.

खात्री नसली की मी दोन गोष्टी बघतो. एक, रोमनमध्ये लिहिलेली नावं. दिल्ली-लखनऊकडच्या बायका व्हॉट्सअपवर Bhavna, Sadhna, Rachna, Sapna असं लिहितात, आपल्याकडच्या Bhavana, Sadhana, Rachana. पण Kalpana आणि Archana तिकडंही a सकटच लिहितात. सगळा नियम या सहा नावांत आला की नाही! (फसवं पण असतं हे, योजना रोमनमध्ये सगळीकडं Yojana च लिहितात पण बोलतात योज्ना, म्हणून a दिसला म्हणून अ आहेच असं नाही, a गाळलेला दिसला तर मात्र अ नक्की नाही.) दोन, हिंदीवाल्यांचे स्वतःचे दोन-दोन पद्धतीनं लिहिलेले शब्द. गरमी आणि गर्मी, बरतन आणि बर्तन, सरदी आणि सर्दी. उच्चार एकच. आणि आपण तर एका शहराचं नाव ऐकून लिहिलं, ते लिहितात आगरा, आपण लिहितो आग्रा. आपल्या पूर्वजांनी तिथं पाय मोडूनच कागदावर उतरवलाय बघा.

ह चं एक वेगळं लफडं आहे, दोन ओळीत सांगतो. शब्दात ह असला आणि त्याच्या आजूबाजूला अ असला तर हिंदीत त्या अ चा रंग बदलतो, ए कडं झुकतो. शहर म्हणजे शेहेर् च्या जवळपास, बहन म्हणजे बेहेन्, पहला म्हणजे पेह्ला, कहना म्हणजे केह्ना. पूर्ण ए नाही, तोंड जरा जास्त उघडं. असा शब्द दिसला की अक्षराच्या डोक्यावर छोटी मात्रा पेन्सिलीनं काढून ठेवतो, बास.

एक परिच्छेद सोडवून बघू

गेल्या वर्षी शेजारची आठवीतली पोरगी भाषण घेऊन आली. त्यातला हा तुकडा, तिचाच :

"वक्त बदलता है तो जनता की धड़कनें भी बदलती हैं। हर योजना की सफलता के लिए सही जानकारी की आवश्यकता होती है। विकसित देश का अर्थ सिर्फ चौड़ी सड़कें नहीं है, बेखबर आदमी तक खबर पहुँचाना भी है।"

आधी तिला जसं येतं तसं मोबाईलवर रेकॉर्ड करायला लावलं, मी काहीच बोललो नाही. मग कागदावर दोन फेऱ्या मारल्या. पहिल्या फेरीत शेवटचे पाय, त्यात वक्त, अर्थ, सिर्फ ला गोल. दुसऱ्या फेरीत मधले. बदलता बदल वरून, म्हणून ल मोडला, द नाही. धड़कनें वर ती अडली, क चा पाय मोडत होती, मग धड़कन आधी सोडवायला लावलं तेव्हा ड़ वर आली. आवश्यकता मध्ये क. बेखबर च्या बे नंतर उभी रेघ. शेवटी कागद असा झाला :

"वक्त् बदल्ता है तो जन्ता की धड़्कनें भी बदल्ती हैं। हर् योज्ना की सफल्ता के लिए सही जान्कारी की आवश्यक्ता होती है। विक्सित् देश् का अर्थ् सिर्फ् चौड़ी सड़्कें नहीं है, बे|खबर् आद्मी तक् खबर् पहुँचाना भी है।"

मग पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि टेबलावर टिचक्या मारत मोजलं. जितके स्वर ऐकू येतात तितक्या टिचक्या. वक्त ला तिच्या दोन पडल्या, हव्यात एक. अर्थ, सिर्फ, तेच. जनता तीन, हव्यात दोन. योजना तीन, हव्यात दोन. विकसित तीन, हव्यात दोन. आवश्यकता पाच, हव्यात चार. बदलता, जानकारी, सड़कें, आदमी हे तिचे आधीच बरोबर होते, कारण त्यात मराठीची जीभ आडवी येत नाही. म्हणजे एवढ्या कागदावरचे सात शब्दच खरे आजारी निघाले, बाकीच्यांवर वेळ घालवायचं कारणच नव्हतं. पोरांना पाठ करून घ्यायचे ते हे सात.

आठवा होता धड़कनें, आणि तिथं टिचक्या उपयोगाच्या नाहीत. ध-ड़क-नें म्हटलं तरी तीन, धड़-क-नें म्हटलं तरी तीन. तिथं मोजायचं नाही, कापायचं. पहिला तुकडा कुठं संपतो ते ऐकायचं. मी तिला 'धड़' म्हणून हात खाली आपटायला आणि मग 'कनें' म्हणायला लावलं, आपल्या 'धड' सारखं, धडधाकट मधलं. चौथ्या वेळेला बसलं.

वक्त ला जास्त दिवस लागले. एकटा बरोबर म्हणायची, वाक्यात शिरला की परत शेपूट. यावर एक युक्ती आहे, पुढचा शब्द स्वरानं सुरू होणारा घ्यायचा आणि दोन्ही चिकटवून म्हणायचे. "वक्त आया" चं वक्ताया, "अर्थ इतना" चं अर्थितना. चिकटतंय याचाच अर्थ मधे अ उरला नाही, कारण अ असता तर मधे सांधा ऐकू आला असता. असं पाचसहा वेळा चिकटवून झालं की मग "वक्त बदलता" ला जायचं. व्यंजनापुढचं व्यंजन सगळ्यात अवघड, ते शेवटी. आणि वेग वाढवायचा नाही, घाई केली की शेपूट लपतं, जात नाही, स्पर्धेत माईकसमोर सावकाश बोलायला लागलं की परत बाहेर येतं.

रेकॉर्डिंग रोज एकच, सकाळी शाळेत जायच्या आधी, आणि ऐकायचं संध्याकाळी. लगेच ऐकलं तर आपल्याला जे म्हणायचं होतं तेच ऐकू येतं, जे म्हटलं ते नाही. हे मी स्वतःवरून सांगतोय. त्या फाउंड्रीतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ महिन्याभरानं बघितला तेव्हा कुठं मला माझा तो वक्ता ऐकू आला.

एक राहिलं. भाषणाच्या शेवटी तिनं एक दोहा घातला होता, आणि उत्साहाच्या भरात त्यातल्याही सगळ्या अक्षरांचे पाय मोडून आणले. वाचायला लागली तर चाल लंगडी. दोह्याच्या ओळीत 13 आणि 11 मात्रा मोजलेल्या असतात, आणि त्या मोजणीत शब्दाच्या शेवटचा अ धरलेला असतो, बोलण्यात गिळला तरी छंदात तो हजर. चौपाईचं तसंच, संस्कृत श्लोक मधेच आला तर तिथं तर एकही अ गिळायचा नाही. दोह्यावरचे पाय खोडरबरानं पुसले, आणि दोहा तिनं तिच्या आजीच्या चालीत म्हटला, तो पहिल्यापासून बरोबरच होता.